मावळत्या सूर्याची हिरवी कड

निरभ्र सायंकाळी समुद्रात बुडणाऱ्या सूर्याची शेवटची कोर कधी कधी क्षणभर हिरवी दिसते. याचे कारण आपल्या वातावरणात आहे. क्षितिजाजवळ सूर्यकिरण हवेतून वाकून येतात व सूर्यबिंब सुमारे अर्धा अंश वर उचललेले दिसते. हिरवा प्रकाश तांबड्याहून किंचित अधिक वाकतो. त्यामुळे तांबडे बिंब आधी बुडते आणि वर हिरवी कड उरते. निळा प्रकाश याहूनही अधिक वाकतो. परंतु तो बहुतेक वाटेतच विखुरला जातो.

ही कड अंशाच्या दोनशेव्या भागाएवढीही रुंद नसते. ती सुमारे एका सेकंदात मावळते. नुसत्या डोळ्यांना ती दिसावयाची तर हवेच्या उष्ण व थंड थरांतील मृगजळाने ती ताणली जावी लागते. म्हणूनच हे दृश्य रोज दिसत नाही.

तांबड्या बिंबाकडे पाहून थकलेल्या डोळ्यांचा हा भास नव्हे काय, असे विद्यार्थी विचारतील. त्यांस सांगावे की, सूर्योदयाच्या पहिल्या किरणातही हा हिरवा रंग दिसतो. तेव्हा डोळे थकलेले नसतात. मात्र बिंब जवळजवळ बुडेपर्यंत मुलांना तिकडे पाहू देऊ नये, आणि दुर्बीण तर मुळीच देऊ नये.