एका दुपट्याचा हिशेब

कल्याणच्या आमच्या बचत गटातल्या बायका बाळाची दुपटी शिवतात. ऑनलाइन मागणी आली की शिपिंग अॅग्रिगेटरवरून पाठवतो. म्हणजे एकाच खात्यातून अनेक कुरिअरचे दर दिसतात, हवं ते निवडायचं आणि पैसे आपल्या वॉलेटमधून कापले जातात. तिथे आम्ही कुठे चुकलो, ते आज सांगतो.

दुपटं ६५० रुपयांचं. कापड, शिलाई धरून खर्च ४८०. वजन ४५० ग्रॅम, म्हणून आम्ही अर्ध्या किलोचा टप्पा भरला, ६० रुपये. चार दिवसांनी वॉलेटमधून आणखी ९० रुपये गेले. कारण आम्ही खोका वापरला होता. कुरिअरवाले काट्यावरचं वजन बघतात, तसंच पार्सलने अडवलेली जागाही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. आमचा खोका ३० बाय २५ बाय १०, म्हणजे दीड किलो! दोन्हींत जे जास्त, त्याचे पैसे लागतात. मग दुपटं घट्ट घडी करून कुरिअरच्या पिशवीत घातलं. २५ बाय १९ बाय ५, म्हणजे ४७५ ग्रॅम. पुन्हा ६० रुपयांत बसलं. आता प्रत्येक पार्सलचा काट्यावर आणि टेप लावून फोटो काढतो. वजनाचा वाद निघाला, तर मुदतीत तोच पुरावा द्यावा लागतो.

दुसरी गोष्ट, घरपोच रोख. त्याचा आकार आम्हाला ४० रुपये पडतो. म्हणजे हाती राहतात ७०. शिवाय पैसे लगेच मिळत नाहीत. आमच्या योजनेत पार्सल पोचल्यापासून आठ दिवस मोजतात, पाठवल्यापासून नव्हे. एक तारखेला पाठवलेलं सहाला पोचलं, तर पैसे चौदाला. तोवर पुढचं कापड कशातून आणायचं? लवकर पैसे देणारी योजना असते, पण ती वर टक्केवारी घेते. आम्ही ती न घेता दोन आठवड्यांच्या कापडाचे पैसे गटात बाजूला ठेवतो.

तिसरी, परतावा. गिऱ्हाईकाने दारातून पार्सल परत पाठवलं, तर रोखीचा आकार बहुधा परत मिळतो, पण जाण्याचे ६० आणि येण्याचे ६० आपल्याच माथी. १२० गेले. तीन पार्सलांत दोन विकली गेली, १४० मिळाले, एक परत आलं, तर उरले फक्त वीस! आणि घेतल्यानंतर गिऱ्हाईकाने परत दिलं, तर त्याच्या घरून उचलण्याचा दर वेगळा आणि बहुधा जास्त असतो. तो दरपत्रकात शोधून बघा.

म्हणून आम्ही रोखीची मागणी आली की आधी फोन करतो. पत्ता, पिनकोड विचारतो, घरी कोण असेल ते विचारतो. फोन उचललाच नाही, तर पार्सल थांबवतो. योजना निवडताना आधी आपलं पार्सल मोजा, मगच दर बघा.