निविदेतील पात्रतेची अट



शाळाखोल्यांच्या 40 लाख रुपये अंदाजित खर्चाच्या कामासाठी निविदेच्या मसुद्यात पुढील अट होती, असे समजा : "निविदाकारास मागील तीन वर्षांत अशा कामाचा अनुभव व 12 लाख रुपयांची उलाढाल असावी."

आता हिशेब करून पाहू. एका निविदाकाराची उलाढाल अनुक्रमे 8, 10 व 18 लाख आहे. 'दरवर्षी 12 लाख' असा अर्थ घेतल्यास तो अपात्र ठरतो. सरासरी धरल्यास पात्र. दुसऱ्याची दरवर्षी 4 लाखच; पण एकूण बेरीज धरल्यास तोही पात्र! लिफाफे उघडल्यावर कोणताही अर्थ स्वीकारला, तरी तो पक्षपातच वाटणार.

म्हणून अट दोन कलमांत लिहावी :

"(1) गत आर्थिक वर्षाच्या 31 मार्चअखेर तीन वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल किमान 12 लाख रुपये असावी.

(2) निविदासूचनेच्या आधीच्या महिन्याअखेर सात वर्षांत किमान 32 लाखांचे एक, किंवा प्रत्येकी किमान 20 लाखांची दोन, किंवा प्रत्येकी किमान 16 लाखांची तीन इमारतबांधकामे पूर्ण केलेली असावीत."

केंद्रीय दक्षता आयोगाच्या 2002 च्या परिपत्रकातील प्रमाण हेच आहे : उलाढाल अंदाजित खर्चाच्या 30 टक्के; कामे 80, 50 वा 40 टक्के. 'पूर्ण' या शब्दाने अर्धवट कामे वगळली जातात, 'इमारत' या शब्दाने रस्त्यांची.

मसुदा वरील आकड्यांसह दोन सहकाऱ्यांना वेगवेगळा तपासावयास द्यावा. उत्तरे भिन्न आली, तर दोष वाचकाचा नसून वाक्याचा आहे, असे समजावे.