'लाइट'ला मराठीत काय म्हणावे?

रायपूरच्या आग्नेयेस वसविलेल्या नव्या राजधानीला आरंभी 'नया रायपूर' म्हणत. पुढे त्याचे 'नवा रायपूर' झाले. छत्तीसगढी बोलीतही नव्याला 'नवा'च म्हणतात. त्यामुळे महाराष्ट्रातून येणाऱ्या माणसाला पाटी वाचताच घरी आल्यासारखे वाटते. माझ्या शेजारी सांगलीहून मुलाकडे राहावयास आलेल्या एक वृद्ध काकू आहेत. त्यांना मराठीवाचून दुसरी लिपीबद्ध भाषा वाचण्याची सवय नाही. गेल्या वर्षी त्यांना रक्तदाबावरच्या नव्या गोळ्या सुरू झाल्या आणि गोळ्यांसोबतचा इंग्रजी कागद मराठीत उतरवून देण्याचे काम माझ्याकडे आले. त्या कागदात 'लाइट' हा शब्द तीन वेळा आला होता. तिन्ही ठिकाणी मी चुकलो, आणि त्यांतली एक चूक महागात पडली असती.

कागदावरचे पहिले वाक्य असे होते की, या औषधाने डोके 'लाइट' झाल्यासारखे वाटू शकते. तसे झाल्यास डॉक्टरांना कळवावे. मी लिहिले, 'डोके हलके वाटेल'. पुढे गोळी 'लाइट' जेवणानंतर घ्यावी असे होते, तेथे 'हलके जेवण' लिहिले. शेवटी गोळ्या 'लाइट'पासून दूर ठेवाव्या, तेथे 'प्रकाशापासून दूर ठेवा' असे लिहून मी कागद देऊन टाकला. काकूंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "डोके हलके होणार असेल तर मग बरेच झाले की हो!"

आठएक दिवसांनी त्या सहज बोलून गेल्या की, सकाळी पलंगावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, भिंत धरावी लागते. हे कोणाला सांगितले का, असे विचारता त्या म्हणाल्या, "त्यात काय सांगायचे? तुमच्या कागदात तर डोके हलके होते म्हणून लिहिले आहे. माझे काही हलके होत नाही." मराठीत डोके हलके होते ते चिंता उतरल्यावर, डोकेदुखी थांबल्यावर. इंग्रजी कागद सांगत होता त्याच्या नेमके उलट! त्याच दिवशी मुलाने डॉक्टरांना गाठले आणि गोळीची मात्रा कमी करण्यात आली.

या चुकीचे कारण माझ्या शाळेत आहे. एका इंग्रजी शब्दापुढे एक मराठी शब्द, असे रकाने आम्ही पाठ केले. वस्तुतः 'लाइट' हा एक शब्दच नव्हे. उजेड या अर्थाचा 'लाइट' आणि वजनाने कमी या अर्थाचा 'लाइट' हे दोन निरनिराळ्या कुळांतले शब्द. इंग्रजीत झिजत झिजत एका उच्चाराला येऊन भिडले. गंमत अशी की, आपल्या घरात ही दोन्ही कुळे अजून वेगळी नांदतात. पहिल्याचा दूरचा आप्त संस्कृतातला 'रुच्', म्हणजे झळकणे, हा धातू; दुसऱ्याचा आप्त 'लघु'. ज्यांचा आपसांत काडीचा संबंध नाही, त्यांना एकाच मराठी शब्दाने कसे बोलवावे?

मग शब्द निवडावा कसा? मला उपयोगी पडलेली पहिली युक्ती म्हणजे त्या ठिकाणी शब्दाचा विरोधी कोण, हे पाहणे. विरोधी 'जड' असेल तर 'हलका' चालेल. विरोधी 'अंधार' असेल तर 'उजेड' किंवा 'प्रकाश'. विरोधी 'गडद' असेल तर 'फिकट'. फिकट निळ्या लुगड्याला कोणी हलके निळे म्हटले तर आपण कापडाचा पोतच तपासू लागतो. आकाशवाणीवर भावगीते ज्या सदरात लागत आली, त्याचे इंग्रजी नाव 'लाइट म्युझिक'. तेथे विरोधी जडपणा नसून शास्त्रीय संगीत आहे. म्हणून 'सुगम संगीत' हा शब्द रूढ झाला, आणि तो अचूक आहे. 'हलके संगीत' म्हटले असते, तर हलका माल, हलक्या कानाचा माणूस यांच्या पंक्तीला ते जाऊन बसले असते.

दुसरी युक्ती परतीच्या प्रवासाची. आपण लिहिलेले मराठी वाक्य, मूळ कागद न पाहिलेल्या माणसाला वाचून दाखवावे आणि त्याला काय समजले ते विचारावे. 'डोके हलके वाटेल' हे वाक्य काकूंनी 'बरे वाटेल' असे परत केले, तेथेच मी सावध व्हावयास हवे होते. 'हलके जेवण' त्यांनी 'मऊ भात' असे परत केले, आणि तो ताटभर खाल्ला! मराठीत अन्नाचा हलकेपणा पचनाचा आहे. कागदाला बहुधा प्रमाण अभिप्रेत होते. औषधविक्रेत्याला विचारून खात्री केली, तेव्हा तेथे 'थोडेसे खाऊन' असे आले. भोवळीच्या बाबतीतही दोन शब्द पारखावे लागले. 'गरगरणे' म्हटले की भोवतालचे घर फिरते. येथे घर फिरत नव्हते, शुद्ध हरपेल असे वाटत होते. म्हणून 'उठताना भोवळ आल्यासारखे वाटले तर लगेच सांगा' असे लिहिले. तिसऱ्या वाक्यात 'प्रकाश' हा शब्द चुकीचा नव्हता, पण गोळ्यांचे काय करायचे ते त्यातून कळत नव्हते. 'गोळ्या उजेडात उघड्या ठेवू नका. त्यांच्या मूळ पाकिटातच असू द्या' असे म्हटल्यावर कळले.

विरोधी शब्दाची युक्ती सर्वत्र लागू पडत नाही. 'बँक' या शब्दाला विरोधी कोठून आणणार? तेथे शेजारचा शब्द पाहावा लागतो. शेजारी खारून नदी असेल तर काठ किंवा तीर, ठेवी आणि व्याज असेल तर बँक. विमान वळताना 'बँक' करते तेव्हा ते एका अंगाला कलते. 'लाइट'प्रमाणे या शब्दांची कुळे मात्र सर्वस्वी भिन्न नाहीत. पैशांची बँक ही इटलीतल्या सराफांच्या बाकावरून आली, आणि आपल्या शाळेतला 'बाक' पोर्तुगिजांच्या मार्फत त्याच घराण्यातून आलेला. पण वापरणाऱ्याला आज ते नाते जाणवत नाही, तेव्हा त्यावर विसंबून शब्द निवडता येत नाही.

कधी कधी योग्य प्रतिशब्द म्हणजे शब्दच न ठेवणे. पाटबंधारे खात्याच्या इंग्रजीत जो नीरेचा 'लेफ्ट बँक कॅनॉल', तो मराठीत 'नीरा डावा कालवा'. काठ गाळला तरी काही बिघडले नाही, कारण नदीला दोनच काठ. आणि नदी वाहते त्या दिशेस तोंड करून उभे राहिले की डावा कोणता हे ठरते. 'नीरा डाव्या काठाचा कालवा' असे कोणी लिहिले, तर बारामतीचा शेतकरी ते वाचील, पण म्हणणार नाही.

याउलट 'ब्लड बँक'साठी मराठीने सराफाची जुनी पेढी उघडली आणि 'रक्तपेढी' हा शब्द घडविला. ठेव, साठा, गरजेला परत मिळण्याची हमी, असे सारे अर्थ त्यात आले. 'रक्तबँक' मला त्यापुढे फिकी वाटते. तरीही येथे रायपुरात मराठी मंडळींनी रक्तदानाची सूचना लिहिली, तेव्हा हा माझा आवडता शब्द मला खोडावा लागला. हिंदी शेजाऱ्याने तो वाचला, 'पेढी'ची 'पीढ़ी' केली आणि रक्ताची ही कोणती पिढी, असे आम्हालाच विचारले. काकूंच्या कागदाला वाचक एक होता. त्या सूचनेला दोन भाषांचे वाचक होते. शेवटी फळ्यावर 'रक्तपेढी' ठेवून खाली बारीक अक्षरांत 'ब्लड बँक' लिहिले, आणि दोघांनीही आपापली ओळ वाचली.