‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’

(समाजभवनात महिला मंडळासमोर दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



कापडाच्या अनेक दुकानांत, पावतीच्या तळाशी, शीर्षकातील वाक्य छापलेले आढळते. ते वाचून पुष्कळ गृहिणी गप्प बसतात. रंग आवडला नाही किंवा मन बदलले, एवढ्यासाठी माल परत घेण्याचे बंधन दुकानदारावर नाही, हे खरे. परंतु माल सदोष असेल, तर या वाक्याची ढाल चालत नाही. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 रोजी लागू झाला. सदोष माल परत घेऊन पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, पैसे परत करण्यास नकार देणे ही त्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावती न देणे हीसुद्धा तशीच प्रथा आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका गृहिणीने संगमनेरच्या बाजारपेठेत 2,400 रुपयांची सुती साडी घेतली. विक्रेत्याने ‘रंग पक्का’ असे सांगितले. साडी पहिल्यांदाच साध्या पाण्यात भिजवली आणि लाल काठाचा रंग पांढऱ्या अंगावर उतरला. आता काय करावे?

प्रथम साडी पुन्हा धुऊ नये. डाग काढण्याच्या प्रयत्नात पुरावाच नाहीसा होतो. दोष कोणाचा, हे पाहण्याची घरगुती रीत सोपी आहे. पांढरा सुती रुमाल ओला करून काठाच्या आतल्या बाजूवर घासावा. सर्वत्र सारखा रंग लागत असेल, तर रंगाईतच कच्चेपणा असण्याचा संभव अधिक. एकाच जागी रंग उडाला असेल, तर ब्लीच किंवा इस्त्री यांचा संशय घ्यावा. साडी लाँड्रीत बिघडली असेल, तर तक्रार मालाची नव्हे, सेवेतील त्रुटीची, आणि ती लाँड्रीचालकाविरुद्ध. मात्र ‘फक्त ड्रायक्लीन’ अशी चिठ्ठी असलेली साडी घरी धुतली असेल, तर तक्रारीचा पायाच ढासळतो.

त्यानंतर साडी व पावती घेऊन दुकानात जावे. चांगला दुकानदार बहुधा येथेच साडी बदलून देतो, कारण त्यालाही सदोष माल घाऊक व्यापाऱ्याकडे परत पाठवता येतो. नकार मिळाल्यास स्पीड पोस्टाने पत्र पाठवावे. खरेदीची तारीख, पावती क्रमांक, रक्कम, दोष आणि मागणी एवढेच त्यात लिहावे. रागाचे शब्द नकोत. उत्तरासाठी पंधरा दिवस द्यावेत. पत्राची प्रत व पोस्टाची पावती जपून ठेवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. पण ती हेल्पलाइन समेट घडवू पाहते, आदेश देऊ शकत नाही.

आदेश देणारी संस्था म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग, आपल्यासाठी अहिल्यानगरचा. ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे साडी पुण्याहून किंवा घरबसल्या मागवलेली असली तरी तिकडे जावे लागत नाही. ई-जागृती या संकेतस्थळावरून घरूनही तक्रार दाखल होते. वस्तूची दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रार अर्ज, प्रतिज्ञापत्र, पावती व पत्रव्यवहाराच्या प्रती जोडाव्यात. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत हे व्हावे.

‘पावती यजमानांच्या नावावर आहे,’ ही अडचण अनेकींना वाटते. ती अडचण नाही. खरेदी करणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही कायद्याने ग्राहकच आहे. नणंदेने भेट दिलेल्या साडीलाही हेच लागू पडते. मात्र पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाबद्दल ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही.

दोष नुसत्या पाहण्याने ठरत नसेल, तर आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतो. त्याचा खर्च प्रथम तक्रारदाराला भरावा लागू शकतो. दोष सिद्ध झाल्यास साडी बदलून देणे, किंमत परत करणे, झालेल्या हानीची भरपाई, असे आदेश होऊ शकतात. चाचणी लागणार असल्यास पाच महिन्यांत, नसल्यास तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात विलंब होतो, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून 2,400 रुपयांच्या साडीसाठी सर्वांत मोलाचे साधन म्हणजे ते पंधरा दिवसांचे पत्र. पुढची पायरी चढण्याची आपली तयारी आहे, हे त्यातूनच समोरच्याला कळते.

तेव्हा पुढच्या खरेदीच्या वेळी पावती मागावी, आणि विक्रेता ‘रंग पक्का’ म्हणत असेल, तर ते दोन शब्द पावतीवर लिहून घ्यावेत. लिहून देण्यास तो कचरला, तर साडी घेण्यापूर्वीच पुरेसे उत्तर मिळाले असे समजावे.