नेहमीइतकीच

मुंबईत अँटॉप हिलपासून हार्बर मार्गावर थोडं दक्षिणेला उतरलं की शिवडी, कॉटन ग्रीन आणि मग रे रोड लागतं. रे रोडच्या पूर्वेला, बंदराच्या जमिनीवर, कौला बंदर ही वस्ती आहे. जमीन केंद्र सरकारच्या ताब्यातली, ज्या अभ्यासाबद्दल बोलायचं आहे त्या काळात वस्ती अधिसूचित नव्हती, त्यामुळे पालिकेच्या नळावर हक्क नव्हता. इथे ‘पुकार’ या मुंबईतल्या संस्थेच्या आणि परदेशी विद्यापीठांतल्या संशोधकांनी मिळून वस्तीतल्या माणसांच्या मनावरच्या ताणाचा अभ्यास केला. तो 2014 साली प्रसिद्ध झाला. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या 521 प्रौढांना प्रश्नावली विचारली गेली, 40 जणांच्या दीर्घ मुलाखती झाल्या, आणि त्यांतले 20 जण मुद्दाम जास्त गुण आलेल्यांमधून घेतले. 23.1 टक्के लोकांचे गुण पाच किंवा त्याहून जास्त निघाले, म्हणजे त्यांना मानसिक आजाराचा धोका बराच होता.

हे गुण आले कुठून, हा आजच्या भाषणाचा विषय. प्रबंधांच्या ‘संशोधन पद्धती’ प्रकरणात या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा दोन ओळींत उरकलेलं असतं: प्रश्नावली प्रमाणित होती, तिची पूर्वचाचणी घेतली, क्रोनबॅक अल्फा 0.80 आला. त्या दोन ओळींत काय दडतं ते एकाच प्रश्नावलीवरून पाहता येतं.

कौला बंदरातले ते गुण ज्या साधनातून आले ते म्हणजे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड गोल्डबर्ग यांच्या प्रश्नावलीची बारा प्रश्नांची आवृत्ती. झोप लागते का, निर्णय घेता येतात का, आपला काही उपयोग आहे असं वाटतं का, असे तिचे प्रश्न. सहा बाजूने, सहा उलट अंगाने विचारलेले. प्रत्येकाला चार पर्याय. रूढ गुणांकनात पहिल्या दोन पर्यायांना शून्य, पुढच्या दोनांना एक, म्हणून एकूण गुण शून्य ते बारा.

आता उलट अंगाचा ‘आपण निरुपयोगी आहोत असं वाटतं का?’ हा प्रश्न घ्या. पर्याय साधारण असे होतात: अजिबात नाही, नेहमीइतकंच, नेहमीपेक्षा जास्त, नेहमीपेक्षा खूपच जास्त. ज्या बाईला दहा वर्षं नीट झोप नाही आणि दहा वर्षं आपण निरुपयोगी आहोत असंच वाटतंय, ती खरेपणाने म्हणते, “नेहमीइतकंच.” तिला शून्य गुण. परवाच नोकरी गेलेल्याला मात्र एक गुण मिळतो. मोजमाप उलटं पडतं, आणि तेही दोघांनी खरं उत्तर दिल्यामुळे. हा दोष या क्षेत्राला जुनाच माहीत आहे. 1985 साली गुडचाइल्ड आणि डंकन-जोन्स यांनी उलट अंगाच्या प्रश्नांमध्ये ‘नेहमीइतकंच’लाही एक गुण देण्याची दुरुस्ती सुचवली. जिथे त्रास हाच नेहमीचा असतो, अशा वस्तीत ही दुरुस्ती तपासून पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पूर्वचाचणी इथे कामाला येते. वीस जणांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि ‘सर्वांना प्रश्न समजले’ असं लिहिलं, तर ती नुसती तालीम झाली. प्रश्न विचारल्यावर थांबून पुढचं विचारायला हवं: ‘नेहमी’ म्हणजे तुम्ही कधीचं धरलंत? गेल्या महिन्याचं, लग्नाआधीचं, की मुंबईत आल्यापासूनचं? उत्तरदात्याने आपल्या शब्दांत प्रश्न परत सांगायचा, आणि ते वाक्य जसंच्या तसं टिपायचं. मुलाखतकाराला प्रश्न किती वेळा बदलून सांगावा लागला, कुठे शेजारीण मध्ये बोलली, कुठे उत्तर येण्याआधी बराच वेळ गेला, हेही प्रश्नासमोर लिहायचं. भाषांतर दुसऱ्या व्यक्तीने मूळ भाषेत परत उलटवून पाहणं चांगलंच, पण ‘नेहमी’चा हा घोटाळा त्यात सापडत नाही, कारण शब्द बिनचूक उलटतो.

पूर्वचाचणी कुठे घेतली हेही सांगायला हवं. उदाहरणार्थ, अँटॉप हिलवर केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत आहे, झोपडवस्त्या आहेत, पुनर्वसनाच्या उंच इमारती आहेत. मराठी, हिंदी, उर्दू, तमिळ एकेका गल्लीत ऐकू येतात. सरकारी वसाहतीत मराठीतून तपासलेला पाण्याचा प्रश्न टेकडीखालच्या वस्तीत तसाच चालेल असं धरता येत नाही. एका ठिकाणी ‘पाणी किती वेळ येतं?’ असं विचारतात, दुसऱ्या ठिकाणी ‘पाणी कुणाकडून घेता आणि हंड्यामागे काय पडतं?’ असं विचारावं लागतं.

आता अल्फा. ली क्रोनबॅक यांनी 1951 साली मांडलेला हा आकडा एका मापातले प्रश्न एकमेकांशी किती जुळून उत्तरं मिळवतात ते सांगतो, आणि 0.70 च्या पुढे गेला की सगळे निश्चिंत होतात. पण तो प्रश्नांच्या संख्येवरही हलतो. समजा, प्रश्नांमधला सरासरी सहसंबंध 0.25 आहे, म्हणजे बेताचाच. असे सहा प्रश्न असतील तर प्रमाणित अल्फा 0.67 येतो, बारा असतील तर 0.80, चोवीस असतील तर 0.89. प्रश्न तितकेच बरे किंवा वाईट राहिले, यादी फक्त लांबली. म्हणून अल्फाशेजारी प्रश्नसंख्या आणि सरासरी सहसंबंध न लिहिणं म्हणजे वाचकाला अर्धाच आकडा देणं. आणि ‘नेहमीइतकंच’चा दोष? सगळे प्रश्न त्याच दिशेने चुकत असतील, तर अल्फा उलट चांगलाच दिसतो.

कौला बंदरच्या अभ्यासात दुसरंही एक माप होतं: वस्तीतल्या अडचणींचा निर्देशांक. अशा मापाला अल्फा लावायचाच नसतो. ज्याला पाणी मिळत नाही त्याचं घर पाडलं गेलंच असेल असं नाही. अडचणी एकमेकींशी जुळल्या नाहीत म्हणून त्या खोट्या ठरत नाहीत. तिथे त्याच माणसाला आठ-दहा दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा विचारून उत्तर टिकतं का ते पाहावं लागतं.

तेही डोळे उघडे ठेवून. समजा, 40 जणांना दोनदा विचारलं: गेल्या वर्षात घर पाडण्याची नोटीस आली का? दोन्ही वेळा ‘हो’ म्हणणारे 2, दोन्ही वेळा ‘नाही’ म्हणणारे 34. दोघांनी ‘हो’चं ‘नाही’ केलं, दोघांनी ‘नाही’चं ‘हो’. एकमत 90 टक्के, ऐकायला छान. पण प्रत्येक वेळी फक्त चौघेच ‘हो’ म्हणतात, तेव्हा निव्वळ योगायोगानेही 82 टक्के एकमत होतं. योगायोग वजा करणारा कोहेन यांचा कॅपा हा आकडा काढला तर येतो 0.44. एकदा तरी ‘हो’ म्हणणारे सहा, आणि त्यांतल्या चौघांचं उत्तर फिरलं. कारण शोधायला याच चौघांकडे परत जायचं असतं. कुणाला नोटीस आणि सर्वेक्षणाची पावती एकच वाटली असेल, कुणी दुसऱ्या वेळी घरमालकासमोर बोललं असेल.

प्रबंधांच्या मार्गदर्शकांना आणि नियतकालिकांच्या संपादकांना एवढीच विनंती आहे: पद्धती प्रकरणासोबत प्रश्नावलीचा पहिला आणि शेवटचा असे दोन्ही खर्डे मागा. कोणता प्रश्न गाळला, कोणता बदलला आणि कुणाच्या कोणत्या उत्तरामुळे बदलला, याचं एक पान नावं वगळून त्याला जोडायला सांगा. दोन खर्ड्यांत एकाही शब्दाचा फरक नसेल, तर पूर्वचाचणी झाली हे वाक्य छापू नका.