अंदाज कधी, सोडून देणं कधी?

यूपीएससी पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात बरोबर उत्तराला 2 गुण मिळतात. चुकलं की त्याचा एक तृतीयांश कापला जातो. म्हणजे तीन चुका एक बरोबर उत्तर खातात. चारही पर्याय अनोळखी असतील तर अंदाजातून सरासरी काहीच मिळत नाही, प्रश्न सोडा. दोन पर्याय खात्रीनं बाद झाले तर मात्र उत्तर द्या. अशा 20 प्रश्नांत 10 बरोबर आले तरी 13 हून जास्त गुण हाती राहतात.

पण ती खात्री खरी असते का? मी मुलांना सराव पेपरात अशा प्रश्नांपुढे फुली मारायला सांगतो. नंतर फुलीवाली उत्तरं वेगळी तपासा. 20 पैकी 5 च बरोबर निघाली, तर कमाई शून्य. मग त्या विषयात अंदाज बंद, पुस्तक पुन्हा उघडा.