दवाखान्यात भाव का करता येत नाही

(गुंगालिनमध्ये आपल्या मराठी कामगार मंडळींसमोर केलेलं बोलणं, थोडं नीट करून लिहून काढलं आहे.)

रविवारची झोप मोडून आलात, म्हणून फार वेळ घेत नाही.

मी डिप्लोमावाला माणूस, डॉक्टर नाही आणि विमा एजंटही नाही. माझं काम साइटवर सुपरव्हायझरचं. पण माझ्याच टोळीतल्या एका टाइलवाल्याच्या हर्नियामुळे मला ही सगळी भानगड शिकावी लागली. त्यात माझीही एक चूक आहे, ती पुढे सांगतो.

आधी एक साधी गोष्ट. तुम्ही ड्रिल मशीन घ्यायला बनिंग्सला जाता. काय हवं ते तुम्हाला माहीत असतं, कारण हातात दहा मशीन वापरून झालेली असतात. भाव पाटीवर लिहिलेला असतो. पैसे तुमच्या खिशातून जातात, म्हणून तुम्ही दोनदा विचार करता. मशीन खराब निघालं तर पावती दाखवून परत देता. आता याच माणसाला दवाखान्यात उभा करा. त्याला नेमकं काय झालंय हे तोच विचारायला आलाय. काय हवंय ते समोरचा सांगणार, आणि तेच समोरचाच विकणार. भाव आधी कळत नाही. पैसे तिसराच कोणीतरी देणार, किंवा देणार असं आपण धरून चालतो. आणि ऑपरेशन परत करता येत नाही.

केनेथ अ‍ॅरो नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली यावर एक लेख लिहिला. पुढे १९७२ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की आजार कधी येईल आणि उपचार लागू पडेल का, या दोन्हींची अनिश्चितता असल्यामुळे दवाखान्याचा बाजार भाजीबाजारासारखा चालूच शकत नाही. म्हणून तिथे लायसन्स, विमा, सरकार हे सगळे येतात. हे वाचल्यावर मला वाटलं, अरे, हे तर आपल्या बांधकामातलंच आहे.

बघा, बाथरूमच्या टाइल्सखाली वॉटरप्रूफिंग असतं. टाइल बसली की ते नीट केलंय का हे घरमालकाला दिसत नाही. कळतं ते तीन वर्षांनी, खालच्या भिंतीला ओल आल्यावर. मालक अडाणी असतो असं नाही, पण झाकलेलं काम त्याला तपासता येत नाही. म्हणून काँक्रीट ओतायच्या आधी सर्टिफायर येऊन सळई बघतो. त्याला त्या सळईच्या विक्रीतून काही मिळत नसतं, हेच महत्त्वाचं. इथे दवाखान्यात ते काम जीपी करतो. बरेच जण चिडतात, की थेट सर्जनकडे का जाता येत नाही, मधे जीपीची चिठ्ठी कशाला. पण ऑपरेशन झालं काय, न झालं काय, जीपीला त्याचे पैसे नाहीत. ऑपरेशन हवं का, हे सांगणारा आणि ते करणारा वेगळा असणं हे तुमच्या फायद्याचं आहे.

हे दोघे एकच असले आणि मधे कोणी नसलं की काय होतं, ते आपल्या बीडने पाहिलंय. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढण्याचा विषय तुम्ही ऐकला असेल. २०१९ मध्ये सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. बहुतेक ऑपरेशनं खासगी दवाखान्यांत झालेली. पोटात दुखतं, अंगावरून जातं म्हणून बाई जाते. तिला 'पिशवी खराब आहे, पुढे कॅन्सर होईल' असं सांगितलं जातं. ती ते तपासणार कशी? आणि घाबरलेला माणूस भाव करत नाही. त्यात खाडा पडला की मजुरी कापली जाते, डोक्यावर मुकादमाची उचल, म्हणून एकदाचा त्रास संपवू असं तिलाही वाटतं. नंतर जिल्ह्यात असं ऑपरेशन करायच्या आधी सिव्हिल सर्जनची परवानगी घ्यायची अट आली. म्हणजे काय, तर काँक्रीट ओतायच्या आधी सर्टिफायर आणून उभा केला.

आता आपल्या टाइलवाल्याकडे येतो. नाव सांगत नाही. ४८२ व्हिसावर आलेला. या व्हिसावर आपल्याला मेडिकेअर नाही. इंग्लंड, इटली, न्यूझीलंड अशा काही देशांशी ऑस्ट्रेलियाचा करार आहे, भारताशी नाही. म्हणून स्वतःचा आरोग्य विमा घेणं व्हिसाच्या अटीतच आहे. त्याने सगळ्यात स्वस्त पॉलिसी घेतली, कागद म्हणून. आपण सगळे तेच करतो. चार महिन्यांनी जांघेत गाठ आली.

विमा निघतो तो अनिश्चिततेतून. हर्निया कोणाला होणार माहीत नाही, म्हणून शंभर जण थोडे थोडे पैसे टाकतात आणि ज्याला होईल त्याला त्यातून मिळतात. आपल्याकडच्या भिशीसारखं, फक्त नंबर कोणाचा लागेल ते नशीब ठरवतं. पण इथे माहितीची दरी उलटी होते. डॉक्टरला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, पण विमा कंपनीपेक्षा तुम्हाला तुमच्या शरीराबद्दल जास्त माहीत असतं. गाठ आली म्हणून आज पॉलिसी घेतली, ऑपरेशन केलं आणि पुढच्या महिन्यात बंद केली, असं सगळ्यांनी केलं तर भिशी बुडणार. हप्ता वाढणार, मग धडधाकट माणसं बाहेर पडणार, आणि आजारीच उरल्यावर हप्ता आणखी वाढणार.

म्हणून कंपन्या प्रतीक्षा काळ लावतात. आधीपासून असलेल्या आजारासाठी बहुतेक पॉलिसीत तो १२ महिन्यांचा असतो. यात फसायची जागा एकच, ती नीट ऐका. 'आधीपासूनचा आजार' म्हणजे आजाराचं नाव आधी माहीत होतं असं नाही. साधारणपणे पॉलिसी घेण्याआधीच्या सहा महिन्यांत त्याची काही लक्षणं होती का, एवढंच बघतात. आणि ते ठरवतो कंपनीने नेमलेला डॉक्टर, तुमचा जीपी नाही. आपल्या भाऊने जीपीला खरं सांगितलं, की गावाकडे असतानाही जड उचललं की तिथे ओढल्यासारखं व्हायचं. ते वाक्य नोंदीत गेलं. कंपनीने सांगितलं, १२ महिने पूर्ण होईपर्यंत ऑपरेशनचे पैसे नाहीत. त्याने खोटं बोलायला हवं होतं असं मी म्हणत नाही. खोटं उघड पडलं तर पॉलिसीच अडचणीत येते. पण तो कागद घेताना त्याने ते वाचलं असतं, तर निदान धक्का बसला नसता.

आता माझी चूक. ती गाठ त्याला पहिल्यांदा जाणवली ती साइटवर, टाइल अ‍ॅडेसिव्हच्या पिशव्या उचलताना. मी तिथेच होतो. तो कमरेवर हात ठेवून बसला, मी म्हटलं, पाणी पी, बस जरा. रजिस्टरमध्ये काही लिहिलं नाही, कारण लिहिलं की फोन, फॉर्म, चौकशी. दुसऱ्या दिवशी जीपीने त्याला विचारलं, 'कामावर झालं का?' स्पॉन्सर नाराज होईल या भीतीने तो म्हणाला, 'नाही, घरी.'

तो प्रश्न डॉक्टरने गप्पा म्हणून विचारलेला नसतो. त्यावर पैसे कोण देणार ते ठरतं. कामावर झालेल्या दुखापतीचा खर्च आणि बुडालेली मजुरी मालकाच्या कामगार भरपाई विम्यातून येते. तिथे १२ महिन्यांचा प्रतीक्षा काळ नाही. आपल्या कॅनबेरात दुखापत कळल्यावर मालकाने ४८ तासांत विमा कंपनीला कळवायचं असतं. उलट आपल्या आरोग्य विम्यात बहुधा लिहिलेलंच असतं, की कामावरच्या दुखापतीचे पैसे आम्ही देणार नाही. म्हणजे दोन तिजोऱ्या, दोन्ही एकमेकींकडे बोट दाखवणाऱ्या, आणि मधे आपला माणूस. दोन महिन्यांनी त्याने खरं सांगून दावा केला, मीही जे पाहिलं ते लिहून दिलं. दावा नाकारला गेला. डॉक्टरच्या पहिल्या नोंदीत 'घरी' होतं आणि साइटचं रजिस्टर कोरं होतं.

मग तो थांबला. डॉक्टरनेही सांगितलं, फार त्रास नसेल तर थांबता येतं. पण गाठ कडक झाली, आत जाईना, खूप दुखून उलट्या झाल्या तर थेट ०००. आठ महिने मी त्याला ग्राउट आणि मोजमापाच्या हलक्या कामावर ठेवलं. ओव्हरटाइम गेला तो गेलाच.

१२ महिने झाल्यावर त्याला वाटलं, आता सगळं विमा देणार. इथे तिसऱ्याने पैसे देण्याची दुसरी गंमत कळली. सरकारचं एक दरपत्रक आहे, प्रत्येक उपचाराला आयटम नंबर आणि ठरलेला दर. त्याची पॉलिसी त्या दराइतकेच पैसे देत होती. पण सर्जनवर तो दर बंधनकारक नाही, तो हवा तेवढा आकार घेऊ शकतो. हिशोब कळावा म्हणून गोल आकडे धरतो: दर ६०० डॉलर, सर्जन मागतो १८००, विमा देतो ६००, तुमच्या खिशातून १२००. यालाच इथे गॅप म्हणतात. भूल देणारा डॉक्टर वेगळं बिल करतो, त्याचाही गॅप वेगळा. 'विमा आहे ना?' असं रिसेप्शनवर विचारतात, आपण 'हो' म्हणतो, आणि भावाचं बोलणं तिथेच संपतं. विचारत नाही तो, आणि सांगत नाही ते. कॉस्ट-प्लसच्या कामात मालकाचे पैसे बँक देत असली की व्हेरिएशन कशी वाढत जातात, तुम्हाला माहीतच आहे.

या वेळी आम्ही दोघं मिळून गेलो. सर्जनच्या ऑफिसकडून लेखी मागितलं: आयटम नंबर कुठले, तुमची फी किती, भूल देणाऱ्याची किती, सहायक सर्जन असेल तर त्याची किती. ते कागद घेऊन विमा कंपनीला फोन केला, की यातलं तुम्ही नेमकं किती देणार आणि हे हॉस्पिटल तुमच्या कराराचं आहे का. मग जीपीकडून दुसऱ्या सर्जनच्या नावाची चिठ्ठी घेतली. त्याचा गॅप पहिल्याच्या निम्म्याहून कमी निघाला. काम तेच. ऑपरेशन झालं, सहा आठवड्यांनी तो परत कामावर आला. त्या दिवसापासून माझं रजिस्टर गाडीत नाही, स्मोको शेडमध्ये खिळ्याला टांगलेलं असतं.

नोकरी बदलताना पॉलिसीत खंड पडू देऊ नका, हे राहिलंच. सलग बदलली तर झालेले महिने बहुतेक वेळा धरतात, पण नव्या कंपनीकडून ते लेखी घ्या.

बरं, आता ज्यांची पॉलिसी मोबाइलमध्ये आहे त्यांनी उघडा. प्रतीक्षा काळ कुठल्या पानावर लिहिलाय ते आधी शोधू, मग चहा.